बत्तीस की एकतीस? गणित मंडळाच्या दिवशी सिद्धतेवर भाषण कसे उभे करावे

२२ डिसेंबर जवळ आला की गोव्यातल्या हायस्कुलांत गणित मंडळाच्या फलकावर रामानुजनांचे चित्र लागते आणि कोणाच्या तरी गळ्यात भाषण पडते. विषय ठरलेले असतात. त्यांतला ‘नुसती उदाहरणे तपासण्यापेक्षा सिद्धता महत्त्वाची का’ हा विषय दिसायला सोपा, पण सभागृहात हमखास पडणारा. बोलणारा सिद्धतेची व्याख्या सांगतो, युक्लिडचे नाव घेतो, दोनचार मोठे शब्द वापरतो आणि तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. ऐकणाऱ्याला आधी उदाहरणांवर विश्वास बसलेला नसेल तर तो विश्वास तुटण्याचे त्याला काय वाटणार?

म्हणून हे भाषण एकाच प्रश्नावर उभे करावे, तो प्रश्न मुलांनी स्वतः सोडवावा, स्वतः फसावे, आणि मग त्याच प्रश्नाची पूर्ण सिद्धता त्यांना तिथल्या तिथे मिळावी. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. ‘बघा, नमुना तुटला’ एवढ्यावर थांबणारे भाषण फार तर उदाहरणे धोकादायक आहेत हे दाखवते. सिद्धतेने काय मिळते, ते त्यातून कळत नाही. खाली पंधरा मिनिटांच्या भाषणाची मांडणी देतो. श्रोते आठवी ते दहावीचे आहेत असे धरले आहे.

प्रश्न कोणता घ्यावा

पुष्कळ जण ऑयलरची राशी घेतात: एखाद्या संख्येचा वर्ग, त्यात ती संख्या आणि वर ४१. शून्यापासून ३९ पर्यंत कोणतीही संख्या घाला, उत्तर मूळ संख्या येते. ४० घातले की १६८१ येतात, म्हणजे ४१ गुणिले ४१. उदाहरण सुरेख आहे, पण व्यासपीठावरून चालत नाही. १६०१ मूळ आहे की नाही हे बाकावर बसून कोण तपासणार? मुले तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात, आणि आपला विषय तर नेमका त्याच्या उलट आहे.

त्यापेक्षा वर्तुळाचा प्रश्न घ्या. वर्तुळावर काही बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येक बिंदूला सरळ रेषेने जोडायचा आणि आत किती भाग पडले ते मोजायचे. अट एकच: आत कुठेही तीन रेषा एकाच बिंदूतून जाऊ नयेत. एका बिंदूला १ भाग, दोनांना २, तिनांना ४, चारांना ८, पाचांना १६. सहांना? सगळे सभागृह बत्तीस म्हणते. येतात एकतीस.

आदल्या दिवशीची तयारी

सगळे भाषण सहा बिंदूंच्या आकृतीवर अवलंबून आहे, आणि ती आकृती हाताने काढायला लावली तर घोळ होतो. मुलांना सुबक काढायची सवय असते. ती सहा बिंदू सारख्या अंतरावर घेतात, मग समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तिन्ही रेषा केंद्रातून जातात, अट मोडते आणि मोजणी तीस येते.

म्हणून कागद आधी छापून न्या. साधारण १२ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढा आणि ते घड्याळाची तबकडी आहे असे समजून १२, २, ४, ६, ८ या आकड्यांच्या जागी बिंदू द्या. सहावा बिंदू १० वर न देता ११ वर द्या. एवढ्या एका सरकण्याने मधल्या तीन रेषा एकमेकींपासून सुटतात आणि केंद्राजवळ एक त्रिकोण उघडतो. या मापाला त्याची सर्वात लांब बाजू दोन सेंटिमीटरहून थोडी जास्त येते, म्हणजे तो नजरेतून सुटत नाही. सहा बिंदूंच्या आकृतीत तीन रेषा एकत्र येण्याचा धोका फक्त याच तिघींचा असतो. बाकी कुठल्याही तीन रेषा आत एका जागी भेटूच शकत नाहीत, कारण त्यासाठी तिन्ही रेषांची सहाही टोके वेगळी हवीत आणि प्रत्येक रेषेने उरलेल्या दोघींना छेदायला हवे. तेव्हा तो त्रिकोण दिसला की आकृती बरोबर आहे असे निश्चिंत समजावे.

एक बारीक जागा मात्र राहते. ११ आणि १२ यांमधली रेषा आणि परीघ यांच्यामधला भाग जेमतेम दोन मिलिमीटर जाड असतो, आणि मोजताना तोच सुटतो. मुलांना आधी परिघालगतच्या सहा फाकांत पेन्सिलीचा ठिपका द्यायला सांगा आणि मग आत यायला सांगा. प्रत्येक भागात एक ठिपका, शेवटी ठिपके मोजायचे. बोट फिरवून मोजणाऱ्यांच्या हाती काहीही लागते.

त्याच कागदावर वरच्या बाजूला दोन, तीन, चार आणि पाच बिंदूंची छोटी वर्तुळेही छापा. रेषा मात्र छापू नका, त्या मुलांनीच काढायच्या. फळ्यावरही सहा बिंदूंची आकृती तयार ठेवा. खडूला दोरी बांधून मोठे वर्तुळ काढा, बिंदू द्या आणि रेषा भाषणात सिद्धतेच्या वेळी काढा.

सुरुवात: व्याख्या नको, काम द्या

व्यासपीठावर मान्यवरांची नावे घेऊन झाली की थेट कागदावर या. बोलण्याचा नमुना असा:

“तुमच्या हातात कागद आहे. वरची चार वर्तुळं बघा. प्रत्येक बिंदू प्रत्येक बिंदूला जोडा आणि किती भाग पडले ते खाली लिहा. पट्टी नसली तरी चालेल. दोन मिनिटं.”

दोन मिनिटे खरोखर द्या. शांतता झाली म्हणून मध्ये बोलू नका. मग फळ्यावर उत्तरे एकाखाली एक लिहा: २, ४, ८, १६. वर एका बिंदूचा १ तुम्हीच लिहा. आता विचारा, “सहा बिंदूंना किती? मोजायचं नाही, फक्त हात वर करा.” बत्तीस म्हणणाऱ्यांचे हात मोजा आणि ती संख्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. हा आकडा पुढे लागणार आहे.

गोव्यात पाचवीपासून बहुतेक मुलांचे गणित इंग्रजीतून होते, तेव्हा ‘जीवा’ म्हणताना एकदा ‘कॉर्ड’ आणि ‘सिद्धता’ म्हणताना एकदा ‘प्रूफ’ म्हणा आणि पुढे चला. मुले कोंकणीतून उत्तरे देतील, ती तशीच घ्या. भाषा सुधारत बसलात तर गणित निसटते.

मोजणी आणि तिथे होणारे घोटाळे

सहा बिंदूंच्या वर्तुळाला चार मिनिटे लागतात. या वेळात तुम्ही व्यासपीठावरून खाली उतरून बाकांमधून फिरावे. तीन प्रकारची उत्तरे दिसतील.

एकतीस आलेली मुले अस्वस्थ असतात आणि पुन्हा मोजत असतात. त्यांना काही सांगू नका. तीस किंवा एकोणतीस आलेल्यांची बहुधा परिघालगतची फाक सुटलेली असते किंवा एखादी रेषा काढायची राहिलेली असते. रेषा पंधरा झाल्या आहेत का ते बघा. प्रत्येक बिंदूतून पाच रेषा निघायला हव्यात, म्हणजे चूक कुठे आहे ते लगेच सापडते. एखादीने छापील कागद बाजूला ठेवून स्वतःचे सुबक वर्तुळ काढले असेल तर ती “टीचर, म्हाका तीस मेळ्ळे” म्हणेल. तिचा कागद मागून घ्या, पुढे उपयोगी आहे.

आणि तिसरी, मला सगळ्यात आवडणारी मंडळी: बत्तीस आलेली. त्यांनी कुठला तरी भाग दोनदा मोजलेला असतो किंवा रेषा जराशी वाकडी काढून एक जास्तीचा तुकडा पाडलेला असतो. त्यांना बत्तीस हवे होते, म्हणून मिळाले. हे हसून पण स्पष्ट सांगावे, कारण उदाहरणे तपासण्याचा खरा धोका इथे दिसतो. तपासणाऱ्याला काय अपेक्षित आहे ते हातालाही माहीत असते. मुलाचे नाव मात्र घेऊ नका.

मग फळ्यावर ३१ लिहा. आवाज होईल, होऊ द्या. आता कोपऱ्यातल्या आकड्याकडे बोट दाखवा आणि विचारा, “इतक्या जणांनी बत्तीस म्हटलं. काही जणांना अजूनही एकतीस मोजताना चूक झाली असं वाटतंय. वाद मिटवायचा कसा? परत मोजून?” इथून सिद्धता सुरू होते. तिची गरज आता सभागृहाला आहे, तुम्हाला ती लादावी लागत नाही.

सिद्धता, पाच मिनिटांत

दोनच गोष्टी सांगायच्या आहेत, पण घाई करायची नाही.

पहिली: एका रेषेने किती भाग वाढतात. वर्तुळात एकही रेषा नाही तेव्हा भाग एक. आता फळ्यावर एकेक रेषा काढत चला. आपल्या शेतातली मेर डोळ्यांसमोर आणायला सांगा. मोकळ्या शेतातून नवी मेर घातली की शेताचे दोन तुकडे होतात, आणि वाटेत जुनी मेर ओलांडली की पलीकडचा तुकडाही दुभंगतो. रेषेचेही तसेच. जुनी एकही रेषा न छेदणारी नवी रेषा एक भाग वाढवते. एक रेषा छेदली तर दोन भाग, दोन छेदल्या तर तीन. म्हणजे प्रत्येक नवी रेषा स्वतःचा एक भाग वाढवते आणि प्रत्येक छेदनबिंदूमागे आणखी एक. सगळ्या रेषा काढून झाल्यावर हिशेब असा: एक, अधिक रेषांची संख्या, अधिक आतल्या छेदनबिंदूंची संख्या.

इथे अट नेमकी कुठे लागते तेही दाखवा. तीन रेषा एकाच जागी भेटल्या तर तिसरी रेषा त्या एका बिंदूत दोन जुन्या रेषा एकदम ओलांडते आणि एक भाग कमी पडतो. आता तो तीसवाला कागद वर धरा. त्या मुलीची मोजणी बरोबर होती, तिच्या आकृतीत मधला त्रिकोण मिटून एक ठिपका झाला होता, एवढेच. सिद्धता असली की ‘वेगळे’ उत्तरही समजावून सांगता येते. मोजणीने ते कधी जमले नसते.

दुसरी गोष्ट: रेषा आणि छेदनबिंदू मोजायचे कसे. रेषा सोप्या. सहा बिंदू, प्रत्येकातून पाच रेषा, म्हणजे तीस, पण प्रत्येक रेषा दोन्ही टोकांकडून मोजली गेली, म्हणून पंधरा. छेदनबिंदूंसाठी एक नजर लागते. परिघावरचे कोणतेही चार बिंदू घ्या. त्यांचा चौकोन होतो आणि त्याचे दोन कर्ण आत एकाच ठिकाणी छेदतात. उलट बाजूने, आतला कोणताही छेदनबिंदू दोन रेषांचा असतो आणि त्या रेषांना चार टोके असतात. म्हणजे जितक्या प्रकारे चार बिंदू निवडता येतील तितकेच छेदनबिंदू. सहांतून चार निवडणे म्हणजे दोन वगळणे, आणि दोन निवडण्याचे प्रकार आपण आत्ताच मोजले: पंधरा. अकरावीतले सूत्र न वापरता काम झाले.

“एक अधिक पंधरा अधिक पंधरा, एकतीस. आता कोणी परत मोजायला सांगेल का?”

पाच बिंदूंचाही हिशेब लगेच करून दाखवा: रेषा दहा, चार बिंदू निवडणे म्हणजे एक वगळणे, म्हणून छेदनबिंदू पाच, एकूण सोळा. जुनी उत्तरे खोटी ठरली नाहीत, एवढे मुलांना दिसले पाहिजे.

मग दुप्पट होत का होते?

वेळ असेल तर हा भाग घ्याच, मला तो सगळ्यात रसाळ वाटतो. फळ्याच्या रिकाम्या बाजूला मेरुप्रस्तार काढा. वर एक, त्याखाली १ १, मग १ २ १, आणि पुढे प्रत्येक आकडा वरच्या दोघांची बेरीज. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदशास्त्रावर टीका लिहिताना हा मांडून दाखवला. मुलांना तो पास्कलचा त्रिकोण म्हणून माहीत असतो.

प्रत्येक ओळीची बेरीज वरच्या ओळीच्या दुप्पट असते: १, २, ४, ८, १६, ३२. आपला वर्तुळाचा हिशेब मात्र ओळीतले फक्त पहिले पाच आकडे घेतो. याचे कारण मेरूच्या नियमातच आहे. मेरूतला प्रत्येक आकडा म्हणजे निवडण्याच्या प्रकारांची संख्या असते. चार निवडण्याचा आकडा वरच्या ओळीतल्या दोन शेजाऱ्यांची बेरीज असतो, दोन निवडण्याचा आकडा आणखी दोन शेजाऱ्यांची, आणि सुरुवातीचा एक वेगळा. मिळून पाच आकडे झाले. पाच बिंदूंपर्यंत ओळीत पाच किंवा त्याहून कमीच आकडे असतात, म्हणून पूर्ण बेरीज मिळते आणि दुप्पट होत गेल्यासारखे दिसते. सहा बिंदूंसाठी ओळ आहे १, ५, १०, १०, ५, १. पहिले पाच घेतले, शेवटचा एक बाहेर राहिला. बत्तीसातून गेलेला तो एक म्हणजे हाच.

आता मुलांना दहा बिंदूंचे विचारा. ओळ आहे १, ९, ३६, ८४, १२६ आणि पुढे हेच आकडे उलटे. पहिले पाच म्हणजे ओळीचा बरोबर अर्धा भाग. पूर्ण ओळ ५१२, तिचा अर्धा २५६. म्हणजे दहा बिंदूंना पुन्हा दोनाचा घात येतो! कोणी फक्त १, २, ३, ४, ५ आणि १० एवढेच बिंदू तपासले असते तर त्याला दर वेळी दोनाचा घातच मिळाला असता आणि तो कुठला तरी भलताच नियम छातीठोकपणे सांगत फिरला असता.

“अजून जास्त तपासायचं”

हा आक्षेप कोणीतरी घेतेच, आणि तो योग्य आहे. सहावरच नमुना तुटला तर कोणी म्हणेल, शंभरपर्यंत बघितले असते तर कळले असते. त्याच्यासाठी एकच गोष्ट तयार ठेवा. १९१९ मध्ये जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने एक अंदाज मांडला. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव मोजा, पुन्हा पुन्हा येणारेही धरून. १२ म्हणजे २ गुणिले २ गुणिले ३, अवयव तीन. पोल्याचा अंदाज असा की दोन किंवा त्यापुढच्या कोणत्याही संख्येपर्यंत मोजत जा, ज्यांच्या अवयवांची संख्या विषम आहे अशा संख्या निदान निम्म्या तरी असतातच. दहापर्यंत मुले मनात करू शकतात: २, ३, ५, ७ आणि ८ विषम गटात, १, ४, ६, ९ आणि १० सम गटात. बरोबर निम्म्या.

१९५८ मध्ये हॅसलग्रोव्हने हा अंदाज खोटा असल्याचे सिद्ध केले. तो पहिल्यांदा मोडतो ती संख्या १९८० मध्ये निश्चित झाली: ९०,६१,५०,२५७. ही संख्या सावकाश, कोटी-लाखांत वाचा. नव्वद कोटी एकसष्ट लाख पन्नास हजार दोनशे सत्तावन्न. तिच्या आधीची प्रत्येक संख्या ‘बरोबर आहे’ असेच सांगत होती.

प्रश्नोत्तरांसाठी

दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: मग एक उलट उदाहरण पुरे होते का? हो. ‘प्रत्येक’ म्हणणारा दावा मोडायला एक पुरे, आणि एकतीस हे त्याचेच उदाहरण. इथे उदाहरणाची ताकद मान्य करायला लाजू नका.

दुसरा प्रश्न हुशार मुलाकडून येतो: कापरेकरांचा ६१७४ तर सगळ्या संख्या तपासूनच सिद्ध होतो ना? देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा हा स्थिरांक. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आणि तेच पुन्हा करत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. फार तर सात पायऱ्यांत सगळ्या संख्या तिथेच येतात. इथे सगळ्या शक्यता मोजक्या आहेत, तेव्हा एकही न सोडता तपासल्या तर ती सिद्धताच आहे.

त्यातही थोडा विचार केला तर कष्ट किती वाचतात ते सांगा. पहिल्या वजाबाकीचे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरते: सर्वात मोठा अंक वजा सर्वात लहान, आणि मधल्या दोघांचा फरक. पहिला ९९९ ने गुणायचा, दुसरा ९० ने, आणि बेरीज करायची. पहिला फरक १ ते ९ असतो आणि दुसरा त्याच्याहून मोठा असू शकत नाही, म्हणून जोड्या होतात ५४. पुढे शून्य धरून लिहिलेल्या ९,९९० संख्यांऐवजी ५४ उत्तरे तपासायची, आणि त्यांतलीही काही अंकांची अदलाबदल केल्यावर सारखीच निघतात. वहीच्या दोन पानांचे काम.

गोव्यातल्या सभेत दामोदर कोसंबींचे नावही कोणी काढेल, विशेषतः पाहुणे वक्ते. ते कोसबेनमध्ये जन्मले. इतिहासकार म्हणून त्यांचे नाव मोठे, पण ते मुळात गणितज्ञ. रिमानच्या प्रसिद्ध गृहीतकाबद्दल त्यांनी संभाव्यतेच्या वाटेने केलेला युक्तिवाद इतर गणितज्ञांनी सिद्धता म्हणून स्वीकारला नाही. शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर बोलायला उत्तम विषय, पण आठवीच्या मुलांसमोर त्यात शिरू नका. गृहीतक काय आहे हे सांगण्यातच भाषण संपेल.

आणि वेळेचे. कार्यक्रम उशिरा सुरू होणार आणि मुख्याध्यापक घड्याळाकडे बघणार, हे धरूनच चाला. सात मिनिटेच मिळाली तर पोल्या आणि मेरुप्रस्तार दोन्ही गाळा आणि छोटी वर्तुळे फळ्यावर तुम्हीच काढा, पण सहा बिंदूंची मोजणी आणि तिची सिद्धता कापू नका. गाळलेल्या भागाऐवजी एक प्रश्न फळ्यावर लिहून सोडा: सात बिंदूंना किती? ज्यांना सिद्धता कळली ती मुले मधल्या सुट्टीत एक, एकवीस आणि पस्तीस यांची बेरीज करून सत्तावन्न घेऊन येतील. बाकीची चौसष्ट किंवा त्रेसष्ट म्हणतील, त्यांच्याशी पुन्हा मेरेपासून सुरू करा.